घुमट, त्याचा तळ आणि गाऊसचे प्रमेय

बंदिस्त पृष्ठभागातून बाहेर पडणारा एकूण प्रवाह काढण्याच्या प्रमेयाला आपल्या पाठ्यपुस्तकांत गाऊसचे नाव असते. गाऊस यांनी 1813 मध्ये लंबगोलाच्या आकर्षणावर लिहिताना त्याची काही खास रूपे मांडली. सर्वसाधारण रूपाची सिद्धता मात्र मिखाईल ओस्त्रोग्राद्स्की यांनी 1826 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली. रशियात हे प्रमेय आजही दोघांच्या नावाने शिकवतात.

प्रमेय सांगते की आतल्या प्रत्येक बिंदूपाशी प्रवाह किती पसरतो, म्हणजे त्याचे डायव्हर्जन्स किती, याची बेरीज केली की पृष्ठभागातून बाहेर जाणारा एकूण प्रवाह मिळतो. त्यासाठी पृष्ठभाग बंदिस्त हवा.

एक घुमट घेऊ: z = 1 − x² − y², जमिनीपासून वर. हा पॅराबोलॉइड खालून उघडा आहे. प्रवाह F = (x, y, z + 1) असा धरू. वक्र भागातून बाहेर किती जाते? तळाला त्रिज्या 1 ची सपाट चकती लावली की आकार बंद होतो आणि प्रमेय लागू पडते.

F चे डायव्हर्जन्स सगळीकडे 3 आहे, म्हणून घनफळ कळले की काम झाले. ते आपल्याला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. असा पॅराबोलॉइड त्याला वेढणाऱ्या दंडगोलाच्या निम्मा असतो, हे आर्किमिडीजने दाखवले होते. नवव्या शतकात बगदादमध्ये साबित इब्न कुर्रा यांनी आणि पुढे बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी ते आपापल्या रीतीने सिद्ध केले. इथे दंडगोल π, म्हणून घुमट π/2, आणि एकूण प्रवाह 3π/2.

पण हे उत्तर घुमट आणि तळ दोन्हींचे मिळून आहे. तळाचा हिस्सा वेगळा काढावा लागतो. चकतीवर z = 0, म्हणून F चा उभा घटक 1, वरच्या दिशेने. बंदिस्त आकाराची बाहेरची दिशा मात्र तिथे खाली आहे. म्हणजे तळातून प्रवाह आत येतो आणि त्याचा हिस्सा −π. म्हणून वक्र भागाचा प्रवाह 3π/2 − (−π) = 5π/2.

चुका इथेच होतात. तळ विसरला तर 3π/2 येते, चिन्ह उलटे धरले तर π/2. पडताळा सोपा आहे. वक्र भागावर थेट संकलन केले तर चकतीवर r² + 2 ची बेरीज करावी लागते: 2π(1/4 + 1), म्हणजे पुन्हा 5π/2. हिशेब न करताही खूण दिसते. तळातून π इतके आत येते आणि आत 3π/2 नव्याने निर्माण होते, तेव्हा हे सगळे बाहेर पडायला घुमटाशिवाय दुसरी वाटच नाही.