रेशो टेस्ट की कम्पॅरिझन टेस्ट? सिरीज बघून कोणती टेस्ट लावायची ते असं ठरवा

कॅल्क्युलसच्या पेपरमध्ये एखादी अनंत श्रेणी, म्हणजे इन्फिनिट सिरीज, दिलेली असते आणि ती कन्व्हर्ज होते की डायव्हर्ज, एवढंच विचारलेलं असतं. टेस्ट कोणती लावायची हे मात्र प्रश्नात लिहिलेलं नसतं. पहिल्या वर्षाला असताना मी प्रत्येक सिरीजला डोळे झाकून रेशो टेस्ट लावायचो. परीक्षेत `Σ 1/n` सारखीच एक सिरीज आली. मी लिहिलं, "गुणोत्तर `n/(n+1)` नेहमी 1 पेक्षा लहान आहे, म्हणून सिरीज कन्व्हर्ज होते." पूर्ण प्रश्नाचे मार्क गेले. ती चूक नेमकी काय होती हे समजलं की टेस्ट निवडणं बरंच सोपं होतं, म्हणून आज तिथूनच सुरुवात करू.

रेशो टेस्ट आतून काय करते?

रेशो टेस्टमध्ये आपण पुढच्या टर्मला आधीच्या टर्मने भागतो आणि लिमिट काढतो:

```
L = lim |a(n+1) / a(n)|   (n → ∞)
L < 1 : कन्व्हर्ज
L > 1 : डायव्हर्ज
L = 1 : निष्कर्ष नाही
```

इथे 1 शी तुलना `L` ची करायची असते, प्रत्येक गुणोत्तराची नाही. `n/(n+1)` कायम 1 पेक्षा लहान असतं, पण त्याचं लिमिट बरोबर 1 येतं. मी फसलो तो इथेच.

आता असं का, ते बघू. समजा `L` ची किंमत 0.5 आली. याचा अर्थ, बरंच पुढे गेल्यावर प्रत्येक टर्म आधीच्या टर्मच्या साधारण निम्मी होते. म्हणजे आपली सिरीज 0.6 गुणोत्तर असलेल्या जॉमेट्रिक सिरीजच्या खाली राहते, आणि ती जॉमेट्रिक सिरीज कन्व्हर्ज होते हे आपल्याला माहीत आहे. थोडक्यात, रेशो टेस्ट ही सुद्धा आतून एक कम्पॅरिझनच आहे, फक्त ती जॉमेट्रिक सिरीजशी केलेली असते.

`1/n`, `1/n²`, `1/n⁵` या टर्म कोणत्याही जॉमेट्रिक सिरीजपेक्षा हळू लहान होतात. म्हणून रेशो टेस्टला त्यांच्यातला फरक दिसतच नाही. सगळ्यांना `L = 1` येतं, मग सिरीज कन्व्हर्ज होणारी असो वा नसो.

यावरून निवडीचा नियम निघतो. टर्ममध्ये `n!`, `2^n` किंवा `n^n` असेल तर रेशो टेस्ट लावा. फक्त `n` च्या साध्या घाता किंवा वर्गमुळं असतील तर कम्पॅरिझन टेस्ट लावा.

उदाहरण 1: फक्त n च्या घाता

`Σ 1/(n² + 3n)`, `n = 1` पासून. रेशो लावलात तर अर्धं पान भरेल आणि उत्तर येईल 1. त्याऐवजी छेद बघा. `n² + 3n` हा `n²` पेक्षा मोठा आहे, म्हणून

`0 < 1/(n² + 3n) < 1/n²`

`Σ 1/n²` कन्व्हर्ज होते (p-सिरीज, `p = 2`). तिच्यापेक्षा लहान असलेली आपली सिरीजही कन्व्हर्ज होते. दोन ओळींत काम झालं. या सिरीजची बेरीज खरं तर `11/18`, म्हणजे सुमारे 0.611 येते, पण टेस्ट बेरीज सांगत नाही. ती फक्त हो किंवा नाही सांगते.

उदाहरण 2: फॅक्टोरियल आणि घातांकात n

`Σ 2^n · n! / n^n`. इथे तुलना कशाशी करायची हेच पटकन सुचत नाही. पण भागाकार केला की जवळपास सगळं कटतं:

```
a(n+1)/a(n) = 2(n+1) · n^n / (n+1)^(n+1)
            = 2 · (n/(n+1))^n  →  2/e ≈ 0.736
```

`L` 1 पेक्षा लहान आहे, म्हणून सिरीज कन्व्हर्ज होते. आता 2 च्या जागी 3 टाका. लिमिट येतं `3/e`, म्हणजे सुमारे 1.104, आणि सिरीज डायव्हर्ज होते. नुसतं बघून हा फरक ओळखता आला नसता.

उदाहरण 3: कम्पॅरिझन उलट्या दिशेला जाते तेव्हा

`Σ n/(n² + 5)`. मोठ्या `n` साठी ही टर्म `1/n` सारखी वागते, त्यामुळे डायव्हर्ज होईल असं वाटतं. पण `n/(n² + 5) < 1/n` असं लिहून उपयोग नाही. डायव्हर्ज होणाऱ्या सिरीजपेक्षा लहान असणं म्हणजे काहीच सिद्ध न होणं. तसंच, कन्व्हर्ज होणाऱ्या सिरीजपेक्षा मोठं असल्यानेही काही कळत नाही.

अशा वेळी लिमिट कम्पॅरिझन वापरा. दोन्ही टर्मचा भागाकार करा:

`[n/(n² + 5)] ÷ [1/n] = n²/(n² + 5) → 1`

लिमिट शून्यापेक्षा मोठं आणि मर्यादित आलं, म्हणजे दोन्ही सिरीजचं नशीब एकच. `Σ 1/n` डायव्हर्ज होते, म्हणून आपलीही होते. हा 1 आणि रेशो टेस्टमधला 1 यांची गल्लत करू नका. रेशो टेस्टमध्ये 1 आला की निष्कर्ष निघत नाही, इथे 1 आला की काम फत्ते!

उदाहरण 4: दोन्ही टेस्ट एकत्र

`Σ n²/(3^n + n)`. थेट रेशो लावला तर छेदातला `+ n` त्रास देतो. म्हणून तो आधी काढून टाका: `n²/(3^n + n) < n²/3^n`. आता उजवीकडच्या सिरीजला रेशो लावा:

`(n+1)²/(3n²) → 1/3`

उजवीकडची सिरीज कन्व्हर्ज होते, म्हणून कम्पॅरिझनने मूळ सिरीजही होते.

फोनवर बेरीज करून बघितलं तर?

बरेच जण फोनवरच पायथन चालवून उत्तर तपासतात. हे करून बघा:

```python
s = 0
for n in range(1, 1000001):
    s += 1/n
print(s)
```

10 लाख टर्म मिळवूनही उत्तर फक्त 14.39 च्या आसपास येतं. बेरीज थांबल्यासारखी दिसते, पण ती थांबलेली नसते. ती 20 पर्यंत न्यायला 27 कोटींहून जास्त टर्म लागतात. त्यामुळे स्क्रीनवरचा आकडा बघून कन्व्हर्ज लिहू नका.

या दोन टेस्ट कुठे थांबतात?

कम्पॅरिझनसाठी टर्म ऋण असून चालत नाहीत, म्हणून चिन्ह बदलणारी सिरीज असेल तर आधी मॉड्युलस घ्या. तशी सिरीज कन्व्हर्ज झाली तर मूळ सिरीजही होते. डायव्हर्ज झाली तर मात्र मूळ सिरीजबद्दल लगेच काही म्हणता येत नाही. आणि `Σ 1/(n ln n)`, `n = 2` पासून, इथे रेशो 1 देतो, `1/n` शी तुलना उलट्या दिशेला जाते आणि कोणतीही p-सिरीज कामी येत नाही. तिथे इंटिग्रल टेस्ट लावा. इंटिग्रल `ln(ln n)` येतं, ते वाढतच राहतं, म्हणून ही सिरीज डायव्हर्ज होते.

पेपरमध्ये सिरीज दिसली की पेन उचलण्याआधी फक्त एक गोष्ट बघा: `n` घातांकात किंवा फॅक्टोरियलमध्ये आहे का? असेल तर रेशो, नसेल तर कम्पॅरिझन. आणि रेशोमध्ये `L = 1` आला, तर तिथे "कन्व्हर्ज" लिहून पुढे जाऊ नका. टेस्ट बदला.