स्क्रीनशॉटमधला खाते क्रमांक झाकताना मार्कर नको, चौकोन हवा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्याने मेंटेनन्स भरल्याची पावती टाकली. खाते क्रमांकावर त्यांनी काळा मार्कर फिरवला होता. मी तो फोटो फोनच्या गॅलरीत एडिटला उघडला, ब्राइटनेस, एक्सपोजर आणि शॅडोज पूर्ण उजवीकडे सरकवले, आणि सगळे आकडे दिसू लागले! मी त्यांना लगेच फोन करून पावती डिलीट करायला सांगितली.

असं का होतं? एडिटरमधला हायलायटर हा अर्धपारदर्शक असतो. काळा रंग निवडून तो तीन-चार वेळा फिरवला की डोळ्यांना सगळं काळं दिसतं, पण अक्षरं आणि त्यांच्या मागचा भाग यांच्या रंगात किंचित फरक उरतो. प्रकाश वाढवला की तोच फरक ठळक होतो. नुसत्या खाते क्रमांकावरून कोणी पैसे काढू शकत नाही. पण नाव, रक्कम, तारीख आणि खाते क्रमांक हाती असलेला माणूस ‘बँकेतून बोलतोय’ म्हणाला, तर त्यावर सहज विश्वास बसतो.

मग ब्लर किंवा मोझॅक चालेल का? आकड्यांसाठी नाही. मोझॅकमधला प्रत्येक ठोकळा म्हणजे खालच्या रंगांची सरासरी. एका जागी 0 ते 9 असे दहाच आकडे शक्य असतात, आणि बँकेच्या ॲपचा फॉन्ट सगळ्यांना सारखाच दिसतो. त्याच फॉन्टमध्ये एकेक आकडा लिहून, तसाच मोझॅक करून ठोकळे जुळवत गेलं की मूळ क्रमांक ओळखता येऊ शकतो.

मी वापरतो ती पद्धत अशी:

1. जो भाग दाखवायची गरज नाही तो आधी क्रॉप करा. वरची नोटिफिकेशनची पट्टीही काढा, तिथे कधीकधी ओटीपी असतो.
2. उरलेल्या क्रमांकावर आतून पूर्ण भरलेला, अपारदर्शक चौकोन ठेवा. तो दोन्ही बाजूंना थोडा जास्त लांब घ्या, म्हणजे किती आकडे आहेत तेही कळत नाही.
3. एडिट केलेल्या फोटोचा पुन्हा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच पाठवा.

तिसरी पायरी टाळू नका. 2023 मध्ये गूगल पिक्सेल फोनच्या मार्कअपमध्ये एक दोष उघड झाला होता: क्रॉप केलेल्या फाइलमध्ये मूळ चित्राचा काही डेटा तसाच राहायचा आणि तो परत मिळवता यायचा. दोष त्याच वर्षी मार्चमध्ये दुरुस्त झाला, पण आधी शेअर झालेले फोटो तसेच राहिले. नव्या स्क्रीनशॉटमध्ये मात्र फक्त पडद्यावर दिसतं तेवढंच येतं.

पाठवण्याआधी त्या नव्या फोटोचा ब्राइटनेस स्वतः वाढवून बघा. चौकोनात एकसारखा काळा रंगच दिसला, तर पाठवा. पासवर्ड दिसणारा स्क्रीनशॉट आधीच कुठे गेला असेल, तर फोटो डिलीट करून भागत नाही, पासवर्डच बदला.