घसरलेलं चलन, तगलेल्या खाणी

देहूरोडच्या बाजारात सोनं घेणाऱ्याला एक गोष्ट पाठ असते: रुपया पडला की तोळा महागतो. पण ज्या देशात सोनं जमिनीतून निघतं, तिथल्या खाणवाल्याला हीच घसरण मानवते. त्याच्या सोन्याचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. मजुरी आणि वीजबिल मात्र तो देशी चलनात भागवतो.

हा हिशेब जुना आहे. २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. पौंडाला बांधलेला रुपयाही सोबत घसरला. मुंबईत भाव चढला आणि मंदीने पिचलेल्या शेतकऱ्यांनी मोडलेले डाग बोटींनी लंडनला गेले. कोलारच्या खाणीत मात्र त्याच मजुरीत काढलेल्या सोन्याचे जास्त रुपये येऊ लागले.

दक्षिण आफ्रिका डिसेंबर १९३२ पर्यंत हट्टाने सोन्याला चिकटून राहिली. हट्ट सुटल्यावर औंसाचा भाव सुमारे ८५ शिलिंगांवरून १२०च्या वर गेला. गंमत अशी की १९३३ साली उत्पादन आधीच्या वर्षापेक्षा थोडं कमीच भरलं. काल जो दगड परवडत नव्हता तो आता परवडू लागला, म्हणून गिरण्यांत कमी सोन्याचा दगड जाऊ लागला आणि कसदार दगड पुढच्यासाठी राहिला. म्हणजे पडलेलं चलन सोनं लगेच वाढवतं असं नाही. बंद पडू पाहणारी खाण ते चालू ठेवतं, आणि एरवी घटलं असतं ते उत्पादन वर्षानुवर्षं टिकतं.

दक्षिण आफ्रिकेचंच २००१चं उदाहरण घेऊ. वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला साडेसात रँडच्या आसपास पडत, डिसेंबरात १२च्या वर. समजा, एका खाणीला औंसामागे १९०० रँड खर्च येतो. साडेसातच्या दराने तो सुमारे २५३ डॉलर, बाराच्या दराने १५८. सोन्याचा भाव २७५ डॉलरच धरला, तरी नफा २२ डॉलरवरून ११७वर जातो. खाणीत कुणी काहीच बदललेलं नाही!

पण हा फायदा उसना असतो. आयात यंत्रं नि डिझेल महागतात, त्यामागून महागाई आणि मजुरांच्या मागण्या येतात. २००४च्या अखेरीस रँड सहाच्या आत आला. तेव्हा सोनं चारशे डॉलरच्या वर असूनही तिथल्या अनेक जुन्या, खोल खाणी तोट्यात होत्या.

आणि दगडच संपत आला तर चलन काय करणार? जून १९६६च्या अवमूल्यनाने डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला, १९९१ मध्ये रुपया पुन्हा घसरला. पण कोलारच्या खाणी तोवर तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या आणि टनामागे मिळणारं सोनं घटत चाललं होतं. २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या. रँड कोसळला तो त्याच वर्षाच्या अखेरीस.