इंजिनाचं चित्र

आईच्या लर्निंग लायसन्सच्या परीक्षेसाठी मी कार्डं बनवली. पुढे चिन्ह, मागे अर्थ. दोन दिवसांत बहुतेक पाठ झाली, पण एक जोडी दर वेळी उलटसुलट व्हायची. लाल काठाच्या त्रिकोणात एकावर फाटक, दुसऱ्यावर धूर सोडणारं वाफेचं इंजिन. आईचं उत्तर ठरलेलं : "फाटक म्हणजे रेल्वे क्रॉसिंग, इंजिन म्हणजे पुढे स्टेशन."

खरं तर दोन्ही क्रॉसिंगच. फाटक म्हणजे रखवालदार असलेलं, इंजिन म्हणजे मानवरहित.

हे चित्र आलं कुठून? १९०९ साली पॅरिसमध्ये मोटारींबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात धोक्याची चारच चिन्हं ठरली : खाचखळगा, वळण, चौरस्ता आणि रेल्वे क्रॉसिंग. १९२६च्या करारात धोक्याच्या चिन्हांना त्रिकोण मिळाला. परक्या देशात, न येणाऱ्या भाषेतही चालकाला कळावं म्हणून अक्षरांऐवजी चित्रं. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८च्या पहिल्या परिशिष्टात हीच परंपरा दिसते.

वाफेची इंजिनं नियमित सेवेतून गेली, तरी चित्र राहिलं. कारण सोपं आहे. विजेच्या इंजिनाची नुसती काळी आकृती काढली तर ती बससारखी दिसेल. आम्ही सॉफ्टवेअरवाले अजून 'सेव्ह'साठी फ्लॉपीचं चित्र ठेवतो, तसंच हे.

पण आईची चूक चित्र जुनं असल्यामुळे झाली नव्हती. चूक माझ्या कार्डाची होती. मागे मी फक्त नाव लिहिलं होतं, काय करायचं ते नाही. कायद्याच्या कलम १३१मध्ये ते स्पष्ट आहे : मानवरहित क्रॉसिंगला गाडी थांबवायची, क्लीनरने किंवा सोबतच्या कोणीतरी रुळांपर्यंत चालत जाऊन दोन्ही बाजूंना गाडी येत नाही ना ते बघायचं, मगच वाहन पुढे घ्यायचं. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरायचं. ही तयारी आधीपासून व्हावी म्हणून चिन्हाच्या पाटीखाली तिरपे पट्टे असतात : दोन पट्टे सुमारे दोनशे मीटर आधी, एक पट्टा पन्नास ते शंभर मीटरवर.

आई म्हणाली, "मग फाटकाच्या चित्रात माणूस थांबवतो, आणि इंजिनाच्या चित्रात आपणच थांबायचं." फरक नेमका हाच. फाटक काढलंय, कारण तिथे ते आडवं येणार आहे. इंजिन काढलंय, कारण तिथे आडवं येणारं दुसरं काहीच नाही.

ब्रॉडगेजवरची मानवरहित क्रॉसिंग २०१९च्या सुरुवातीला संपली, त्यामुळे आईला ते चिन्ह रस्त्यावर बहुधा दिसणार नाही. तरी मी कार्डाची मागची बाजू खोडून नव्याने लिहिली : "इथे तुम्हाला कोणी अडवणार नाही. उतरा, दोन्हीकडे बघा." पुढच्या फेरीत ते कार्ड चुकलं नाही.