विश्लेषण : १०० वर्षांनंतरच्या नुकसानाची आज किंमत किती? हवामान बदलातला ‘डिस्काउंट रेट’चा वाद नेमका काय?

आज कोळसा जाळून हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षं वातावरणात टिकतो. म्हणजे वीज आपण वापरणार आणि नुकसानाचा मोठा वाटा अजून जन्मालाही न आलेली माणसं सोसणार. मग ते नुकसान टाळण्यासाठी आपण आज किती खर्च करायचा? सरकारं याचं उत्तर काढताना एक टक्केवारी वापरतात. तिला ‘डिस्काउंट रेट’ म्हणतात. हा आकडा थोडा बदलला तरी पुढच्या पिढ्यांबद्दलची आपली जबाबदारी कितीतरी पटींनी वाढते किंवा जवळपास संपते.

डिस्काउंट रेट म्हणजे काय?

एफडीचं गणित आठवा. आज टाकलेले पैसे व्याजावर व्याज मिळून वाढत जातात. डिस्काउंट रेट म्हणजे हेच गणित उलट्या दिशेनं. भविष्यातली रक्कम घ्यायची आणि तिची आजची किंमत काढायची.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोकण किनाऱ्यावरच्या एका गावाचं समुद्राची पातळी वाढल्यामुळे आजपासून १०० वर्षांनी १०० कोटी रुपयांचं नुकसान होणार आहे. महागाई बाजूला ठेवू. हे नुकसान टाळायला आज किती खर्च करणं ‘परवडेल’?

- दर १.४ टक्के धरला, तर सुमारे २५ कोटी रुपये
- दर ३ टक्के धरला, तर सुमारे ५ कोटी २० लाख
- दर ५.५ टक्के धरला, तर सुमारे ४७ लाख
- दर ७ टक्के धरला, तर सुमारे साडेअकरा लाख

गाव तेच, समुद्र तोच, नुकसानही तेवढंच. तरी एका दरानं संरक्षक भिंत बांधणं शहाणपणाचं ठरतं, तर दुसऱ्या दरानं तोच खर्च उधळपट्टी वाटतो.

वाद कुठून पेटला?

२००६ मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी ब्रिटन सरकारसाठी हवामान बदलाच्या अर्थकारणावर अहवाल तयार केला. उत्सर्जन आत्ताच वेगानं कमी करा, कारण थांबण्याचा खर्च जास्त आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यांच्या हिशेबातला दर साधारण १.४ टक्के होता.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहॉस यांनी त्यावर आक्षेप घेतला. हवामान बदलावरच्या कामासाठी पुढे २०१८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा दर होता साधारण ५.५ टक्के. त्यांनी स्वतःच्या मॉडेलमध्ये स्टर्न यांचे दराबद्दलचे आकडे घालून पाहिले, तेव्हा कार्बनवर लावायची योग्य किंमत जवळपास दहापट झाली. याचा अर्थ, दोघांमधला मोठा फरक तापमानाच्या विज्ञानात नव्हता. तो या टक्केवारीत होता.

ही टक्केवारी ठरते कशी?

तिचे दोन भाग असतात आणि खरा नैतिक प्रश्न इथेच आहे.

पहिला भाग म्हणजे निव्वळ काळाची सूट. एखादी व्यक्ती उशिरा जन्मणार, एवढ्याच कारणानं तिचं सुख-दुःख कमी मोजायचं का? स्टर्न यांचं उत्तर होतं, नाही. त्यांनी इथे फक्त ०.१ टक्का धरला, तोही एखाद्या महासंकटात मानवजातच उरली नाही तर, या शक्यतेसाठी. नॉर्डहॉस यांनी १.५ टक्के धरले. आकडा लहान दिसतो, पण ५० वर्षांत त्याचा परिणाम असा होतो की, तेव्हाच्या माणसाचं सुख-दुःख आजच्या माणसाच्या निम्म्याहून कमी भरतं. आजोबांच्या तुलनेत नातवाला अर्धं मत देण्यासारखंच हे आहे. ब्रिटिश गणितज्ञ फ्रँक रॅम्सी यांनी अशी सूट नैतिकदृष्ट्या टिकत नाही, असं १९२८ मध्येच मांडलं होतं.

दुसरा भाग पुढच्या पिढ्यांच्या श्रीमंतीचा आहे. त्या आपल्यापेक्षा सधन असतील, तर १०० रुपयांचं नुकसान त्यांना आपल्याइतकं टोचणार नाही. आपल्या पणजोबांच्या पिढीनं पोटाला चिमटा काढून आपल्यासाठी बचत करायला हवी होती, असं आपण म्हणू का? हा मुद्दा वजनदार आहे. स्टर्न यांनीही तो मान्य केला. त्यांच्या दराचा बहुतेक भाग यातूनच येतो.

नॉर्डहॉस यांची बाजू चूक होती का?

तसं सरळ म्हणता येत नाही. लोक प्रत्यक्षात बचत आणि गुंतवणूक करताना ज्या परताव्याची अपेक्षा ठेवतात, तोच दर सरकारनंही वापरावा, असं त्यांचं म्हणणं होतं. तोच पैसा शाळा, रस्ते, आरोग्य यांत घातल्यानं पुढच्या पिढ्यांचं जास्त भलं होत असेल, तर तो तिथे का घालू नये?

पण या युक्तिवादाला दोन मर्यादा आहेत. एक, तो पैसा खरोखर पुढच्या पिढ्यांसाठी गुंतवला जायला हवा. उत्सर्जनकपातीतून वाचवलेला पैसा आपणच खर्च करून टाकला, तर त्यांच्या हाती फक्त तापलेली पृथ्वी येते. दोन, ‘पुढचे लोक श्रीमंत असतील’ हे सरासरीचं बोलणं आहे. सरासरी वाढली तरी पावसावर शेती करणारं कुटुंब गरीबच राहू शकतं. बुडालेलं बेट किंवा नामशेष झालेली प्रजाती तर कितीही पैसा दिला तरी परत येत नाही.

सरकारी निर्णयांवर याचा काय परिणाम होतो?

अमेरिकेचं उदाहरण बोलकं आहे. एक टन कार्बन डायऑक्साइडमुळे जगाचं एकूण किती नुकसान होतं, याचा अंदाज तिथे नियम ठरवताना वापरला जात होता. ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकाळात ३ आणि ७ टक्के दर वापरून, तेही फक्त अमेरिकेतलं नुकसान मोजून, तो प्रति टन १ ते ७ डॉलरच्या आसपास आणला गेला. २०२१ मध्ये बायडन सरकारनं ३ टक्के दरानं आणि जगभरचं नुकसान धरून तो ५१ डॉलर केला. २०२३ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेनं मुख्य दर २ टक्के धरला, नुकसानाचे अंदाजही सुधारले आणि आकडा १९० डॉलरवर गेला.

फक्त अमेरिकेतलं नुकसान मोजायचं म्हटलं, की अमेरिकी धुरामुळे कोकणात किंवा मराठवाड्यात होणारं नुकसान हिशेबात शून्य धरलं जातं. काळाची सूट पुढच्या पिढीला वगळते, तशी ही सूट दूरच्या देशाला वगळते.

ब्रिटननं मधला मार्ग काढला आहे. तिथे सरकारी प्रकल्पांसाठी पहिली ३० वर्षं ३.५ टक्के दर असतो आणि पुढे तो टप्प्याटप्प्यानं उतरतो. भविष्य जितकं दूर तितकं अनिश्चित, म्हणून तिथे सूट कमी द्यायची, हा त्यामागचा विचार.

मग बातमी वाचताना काय पाहायचं?

‘हवामानावर एवढा खर्च परवडणारा नाही’ किंवा ‘यातून एवढा फायदा होईल’ असा दावा समोर आला, तर तीन गोष्टी शोधा. डिस्काउंट रेट किती धरला आहे? नुकसान कुणाकुणाचं मोजलं आहे? आणि हिशेब किती वर्षांनंतर थांबवला आहे? बऱ्याचदा हे आकडे अहवालाच्या परिशिष्टात असतात. जन्माला न आलेल्या माणसांना किती किंमत दिली, हे तिथेच कळतं.