उभा ताळा, आडवा ताळा

शेगावात कचोरीचा धंदा करणाऱ्याकडे गुरुवारच्या आणि प्रगटदिनाच्या गर्दीआधी ठोक किराण्याची बिले साठत जातात. महिनाअखेरीस ती स्कॅन करून त्यातले आकडे संगणकाने वाचायचे, हे आता सर्रास चालते. वाचलेला आकडा खरा की खोटा, हे ठरवायला बाहेरचा साक्षीदार शोधावा लागत नाही. ओळींच्या रकमा आणि खाली छापलेली एकूण रक्कम यांची बेरजेने गाठ बांधलेली असते, आणि एक आकडा चुकला की ती गाठ सुटते.

नमुन्यादाखल एक बिल घेऊ. मैदा ६ कट्टे, दर १,६४०, रक्कम ९,८४०. तेल ८ डबे, २,१५० प्रमाणे १७,२००. मूगडाळ ३ कट्टे, २,९१० प्रमाणे ८,७३०. धने १० किलो, ११८ प्रमाणे १,१८०. बडीशेप ५ किलो, १९६ प्रमाणे ९८०. मिठाचे २ कट्टे, २७५ प्रमाणे ५५०. हमाली १२० अधिक, सूट ३०० वजा. छापील एकूण ३८,३००.

संगणकाने वाचलेल्या ओळींची बेरीज मात्र ३३,३०० आली. बरोबर ५,००० कमी. फरकाच्या या आकारातच पुष्कळ काही कळते. एका अंकापुढे नुसती शून्ये असली, की बहुधा एकाच घरातला एकच अंक चुकलेला असतो. इथे हजाराच्या घरातला अंक खऱ्यापेक्षा पाचाने लहान वाचला गेला आहे. इंग्रजी आठाची डावी बाजू पुसट उमटली की तो तीन दिसतो, आणि आठ व तीन यांच्यातले अंतरही पाचच. म्हणून हजाराच्या घरात तीन असलेली ओळ शोधायची. तशी एकच सापडते : मूगडाळ, ३,७३०. पण शोधले म्हणजे सिद्ध झाले असे नाही. सिद्ध करतो तो आडवा ताळा : ३ गुणिले २,९१० म्हणजे ८,७३०.

फरकाचे आणखी काही ठरलेले आकार आहेत. तेलाचे १७,२०० कोणी हाताने भरताना १२,७०० केले, तर फरक ४,५०० येतो. त्याला नऊने नि:शेष भाग जातो. शेजारचे अंक उलटसुलट झाले की हे होतेच. अर्थात कोणत्याही फरकाला नऊने भाग जाण्याची शक्यता मुळातच नवात एक असते, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देऊ नये. धन्याच्या १,१८०.०० मधला दशांशाचा ठिपका निसटला तर ती रक्कम १,१८,००० होते आणि बेरीज १,१६,८२० ने फुगते. त्या फरकाला ९९ ने भागले की १,१८० ही बिलावरचीच रक्कम हाती येते. सूट वजा न करता मिळवली तर फरक ६०० येतो, म्हणजे सुटीच्या दुप्पट. आणि एखादी ओळच गळली असेल तर फरक थेट त्या ओळीएवढा असतो.

उभ्या ताळ्याची खरी दुबळी बाजू वेगळी आहे. मूगडाळ ८,७८० वाचली आणि बडीशेप ९३०, तर एक चूक ५० ने वर गेली, दुसरी ५० ने खाली. एकूण ३८,३०० तंतोतंत जुळते, आणि दोन्ही ओळी खोट्या असतात. हा योगायोग दुर्मीळ म्हणून सोडून देऊ नये, कारण इथे दोन्ही चुका त्याच तीन-आठाच्या गोंधळातून आल्या आहेत. दोन ओळींच्या रकमा एकमेकींच्या जागी सरकल्या तरीही उभी बेरीज काही बोलत नाही. म्हणून बेरीज जुळली तरी नग गुणिले दर हा आडवा ताळा प्रत्येक ओळीला लावलाच पाहिजे. माझ्या मते तो लावल्याशिवाय बिल तपासले असे म्हणूच नये.

उलट, सगळ्या ओळी आडव्या ताळ्यात उतरल्या, हमाली-सूटही डोळ्यांनी पाहिली, आणि तरी बेरीज संगणकाने वाचलेल्या एकूण रकमेपेक्षा ५,००० ने जास्त आली, तर संशय एकूण रकमेवरच घ्यावा. तिथेच ३८,३०० चे ३३,३०० वाचले गेले असेल. अशा वेळी ‘अक्षरी रुपये’ ही ओळ पाहावी. ‘अडतीस’ आणि ‘तेहतीस’ यांच्यात पुसट शाईनेही घोटाळा होत नाही.

किती फरक चालवून घ्यायचा, हे ठरवताना मोठी चूक होते. एक टक्का सूट ठेवली तर या बिलावर ३८३ रुपयांपर्यंतची चूक बिनबोभाट पार होईल. बडीशेपेचे ९८० चे ९३० होणेही त्यात लपेल. चालवून घ्यायचा फरक बिलाच्या रकमेवर नव्हे, तर पैशांच्या पूर्णांकनावर ठरवायचा. एकूण रक्कम जवळच्या रुपयात आणलेली असेल तर पन्नास पैसे, आणि प्रत्येक ओळ स्वतंत्र पूर्णांकात आणली असेल तर ओळीमागे तितकेच आणखी. बिलावर ‘राउंड ऑफ’ वेगळे छापले असेल, तर तीही एक ओळ म्हणून वाचावी. मग एका पैशाचीही सवलत उरत नाही. जीएसटीच्या बिलात ओळींच्या रकमा करापूर्वीच्या आहेत की करासह, हे आधी पाहावे, नाहीतर प्रत्येक बिल चुकलेले दिसेल आणि खरी चूक त्या गर्दीत हरवेल.

फरक सापडला नाही तर ‘किरकोळ’ नावाची ओळ घालून बेरीज जुळवू नये. तसे बिल बाजूला काढून मूळ कागदाशी ताडावे, आणि तोवर त्याची रक्कम खात्यात चढवू नये.