कॉफी भाजणे, घरगुती
कॉफीच्या हिरवट, कच्च्या बिया घरी कढईत किंवा पॉपकॉर्न यंत्रात भाजण्याची क्रिया. महाराष्ट्रात कॉफीची लागवड अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा परिसरात होते.

जाड बुडाच्या कढईत सुमारे 100 ग्रॅम बिया मध्यम आचेवर सतत हलवत भाजतात. ओलावा उडाला की त्या पिवळ्या पडतात, गवताचा वास जाऊन भाजलेल्या धान्याचा वास येतो. पुढे त्या तपकिरी होतात आणि पापुद्रा सुटतो. साधारण 10 मिनिटांनी आतल्या वाफेच्या दाबाने बी मोठ्याने तडकते. ही तडतड ओसरली की मध्यम भाजणी झाली. बिया लगेच चाळणीत ओतून पंख्याखाली गार करतात, नाहीतर त्या स्वतःच्या उष्णतेनेच भाजत राहतात. दुसरी, बारीक आवाजाची तडतड सुरू झाल्यावर तेल वर येऊन कडवटपणा वाढतो.

आच मोठी झाल्यास बी बाहेरून करपते. फोडल्यावर गाभा फिका दिसतो. पॉपकॉर्न यंत्रात गरम हवा बिया फिरवते, म्हणून भाजणी एकसारखी होते. मात्र हवा बाजूच्या फटींतून येणारेच यंत्र घ्यावे. तळाशी जाळी असल्यास पापुद्रा अडकून पेटू शकतो.

पावसाळी गावात भाजलेल्या बिया घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.